सविता आणि ‘सविथा’ : भविष्य निधीच्या एका अर्जाची गोष्ट

आपल्या सीमाभागात नाव एकच असते, पण त्याची इंग्रजी स्पेलिंगे दोन असतात. बेंगळुरूकडे ‘त’ साठी TH लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे आपली सविता तिकडे SAVITHA होते आणि गीता GEETHA होते. घरात यावर हसायला हरकत नाही, पण भविष्य निधीच्या संगणकाला हसता येत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका असतात.

उदाहरणासाठी डिचोली तालुक्यातील सर्वण गावची एक मुलगी घेऊ. तिला सविता गावस म्हणू. २०१३ मध्ये ती बेंगळुरूच्या एका कंपनीत लागली. तिथल्या कारकुनाने नाव लिहिले SAVITHA GAVAS. आधार कार्डावर आहे SAVITA GAWAS. नाव जुळत नसल्याने जुन्या खात्याला आधार जोडलेच गेले नाही. सहा वर्षांनी ती गावी परतली आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. आधारवर जुना क्रमांक दिसेना, म्हणून नव्या मालकाने नवा यूएएन काढला. म्हणजे दोन नावे, दोन क्रमांक आणि दोन खाती.

यात पैशापेक्षा पेन्शन मोठी आहे. पेन्शनसाठी निदान १० वर्षांची सेवा लागते. बेंगळुरूची सहा आणि इथली साडेचार वर्षे वेगवेगळी राहिली तर कुठेच दहा भरत नाहीत. जोडली की भरतात.

बहुतेक जण थेट बदलीचा अर्ज, म्हणजे फॉर्म १३, भरतात आणि तो नामंजूर होऊन येतो. आधी नाव दुरुस्त व्हावे लागते, मग आधार जोडावे लागते आणि बदली शेवटी. दुसरी गफलत पत्त्याची होते. माणसे पणजीच्या कार्यालयात खेटे घालतात. पण चुकीची नोंद बेंगळुरूच्या खात्यात आहे, तेव्हा दुरुस्तीचा कागद तिथल्याच कार्यालयाकडे, जुन्या मालकाच्या सहीने जायला हवा. या कागदाला संयुक्त घोषणापत्र म्हणतात, कारण त्यावर कामगार आणि मालक दोघांच्या सह्या असतात. कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही चालते. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून यूएएन मिळालेल्यांना मात्र जानेवारी २०२५ पासून नाव पोर्टलवर स्वतःच सुधारता येते. सविताचा जुना क्रमांक त्याआधीचा आहे आणि आधारही जोडलेले नाही. म्हणून तिला ते स्वतः सुधारता येत नाही, जुन्या मालकामार्फतच जावे लागते.

घोषणापत्रासोबतचे पत्र इंग्रजीत पाठवावे. त्याचा मजकूर असा असावा :

*प्रति, प्रादेशिक भविष्य निर्वाह निधी आयुक्त, बेंगळुरू.*
*विषय : नावातील दुरुस्ती, यूएएन क्र. … , सदस्य क्र. …*
*महोदय, मी वरील खात्याची सदस्य असून २०१३ ते २०१९ या काळात … या आस्थापनेत नोकरीस होते. आपल्या नोंदीत माझे नाव SAVITHA GAVAS असे आहे. आधार व पॅनप्रमाणे ते SAVITA GAWAS असे आहे. दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि लिंग यांच्या नोंदी बरोबर आहेत. मालकाच्या सहीचे संयुक्त घोषणापत्र व ओळखीच्या कागदांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दुरुस्तीनंतर हे खाते माझ्या सध्याच्या सदस्य क्र. … मध्ये वर्ग करण्यासाठी मी स्वतंत्र अर्ज करणार आहे.*

‘माझे नाव चुकले आहे’ एवढेच लिहून भागत नाही. नोंदीतले आणि हवे असलेले, अशी दोन्ही स्पेलिंगे अक्षर न अक्षर लिहावीत. जन्मतारीखही चुकली असेल तर तीही याच कागदात मागावी, नाहीतर पुढे त्याच कारणाने अडते. नुसते स्पेलिंग जुळवायचे असेल तर नाव बदलल्याचे राजपत्र काढण्याच्या भानगडीत पडू नये. इथे नाव बदललेले नाही, ते लिहिताना बिघडले आहे.

नाव सुधारले आणि आधार जोडले की सदस्य पोर्टलवर `One Member – One EPF Account` या ठिकाणी बदलीचा अर्ज करता येतो. दोन्ही खात्यांवर तेच आधार, तेच नाव, तीच जन्मतारीख आणि तेच लिंग असेल तर जानेवारी २०२५ च्या सुधारणेनंतर असा अर्ज मालकाकडे जात नाही. त्याआधी `Service History` मध्ये जुनी नोकरी सोडल्याची तारीख आहे का ते पाहावे. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी `Mark Exit` मधून ती स्वतः भरता येते.

बदली झाल्यावर नव्या पासबुकात जुनी रक्कम जमा दिसते. पण पेन्शनच्या रकान्यात जुने पैसे दिसत नाहीत आणि तिथे घरची मंडळी घाबरतात. पेन्शनची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जातच नाही, पुढे जातो तो फक्त सेवेचा काळ. तो ‘अॅनेक्शर के’ या कागदावर लिहिलेला असतो. त्याची प्रत पोर्टलवरून उतरवून घ्यावी, आणि त्यात बेंगळुरूची सहा वर्षे आहेत का, हे पाहावे.