एक डबा पडतो कितीला?

घरगुती डब्याचा दर बहुतेक ठिकाणी शेजारच्या डब्याकडे बघून ठरतो. पलीकडच्या सोसायटीत ऐंशीला मिळतो, मग आपण पंचाहत्तर लावू, म्हणजे गिऱ्हाईक येईल, असा विचार असतो. गिऱ्हाईक येतंही. महिनाअखेरीला वाण्याचं बिल, गॅस आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार भागवला की हातात काय राहिलं, याचा मात्र पत्ता लागत नाही. शिवाय पलीकडची बाई स्वतः डबे पोचवते की माणूस ठेवते, हे तिच्या दरावरून कळत नाही.

त्यामुळे सुरुवात स्वतःच्या ओट्यापासून करावी लागते. उदाहरणादाखल पुण्यातलं एक घर घेऊ. तिथून दुपारचे ३० डबे जातात. डब्यात चार पोळ्या, एक भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा लोणचं असतं. पुढचे भाव नमुन्याचे आहेत. प्रत्येकीने त्या जागी आपल्या बाजारातले भाव घालावेत, पद्धत तीच राहते.

पोळ्यांपासून सुरू करू. मध्यम आकाराच्या १२० पोळ्यांना लाटतानाच्या पिठासकट साडेचार किलो कणीक लागते. दळणासह ४५ रुपये किलो धरली तर एका डब्यामागे पावणेसात रुपये होतात, तेल लावून आठ. भाताला माणशी ५० ग्रॅम तांदूळ म्हणजे तीन रुपये. आमटीला २५ ग्रॅम तूरडाळ लागते, फोडणी आणि गूळ-मसाला धरून ती पाच रुपयांना पडते. कोशिंबीर-लोण्याचा नव्हे, कोशिंबीर-लोणच्याचा खर्च चार रुपये.

खरी फसगत भाजीत होते. फ्लॉवर ६० रुपये किलोने आणला, तरी पाला आणि दांडे काढून कढईत जेमतेम ६०० ग्रॅम पडतो. म्हणजे शिजवायच्या फ्लॉवरचा भाव १०० रुपये किलो झाला. माणशी १०० ग्रॅम धरला तर दहा रुपये, वर तेल, मसाला आणि दाण्याचं कूट मिळून चौदा. मेथी किंवा ओले मटार निवडल्यावर तर याहून कमी उरतात. म्हणून भाजी एकदा निवडायच्या आधी आणि एकदा निवडल्यावर वजन करून पाहावी. दर ठरवताना एका दिवसाची भाजी धरूही नये. पंधरा दिवसांच्या भाज्या मांडून सरासरी काढली, म्हणजे बटाट्याचा स्वस्त दिवस मटारच्या महाग दिवसाला सांभाळून घेतो.

शिध्याचा हिशेब असा ३४ रुपयांवर येतो. अनेक घरांत तो इथेच थांबतो आणि साठ रुपये दर लावून जवळजवळ निम्मा नफा सुटल्यासारखं वाटतं.

पुढचे खर्च डोळ्यांआड राहतात. उरलेलं, करपलेलं, सांडलेलं यासाठी दोन रुपये धरू. व्यवसायासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर घ्यावा लागतो, घरचा लाल सिलिंडर त्यासाठी वापरता येत नाही, त्यामुळे हिशेबही निळ्याच्याच भावाने करायचा. गॅस किती जातो हे कळायला सोपा उपाय आहे. सिलिंडर लावला की त्यावर तारीख लिहायची आणि तो संपेपर्यंत किती डबे झाले ते मोजायचं. १,८०० रुपयांच्या सिलिंडरवर साधारण ५२० डबे निघाले, तर डब्याला साडेतीन रुपये पडले. पोळ्या करायला मावशी येत असतील आणि पोळीमागे दोन रुपये घेत असतील, तर आठ रुपये. भांड्यांचा साबण, पाणी, वीज आणि हरवणारे-चेपणारे डबे यांचे अडीच. आता बेरीज ५० झाली.

हे ५० रुपये डब्यागणिक लागतात. डबा वाढला की खर्च वाढतो, कमी झाला की उतरतो. पण काही खर्च डबे वीस असोत वा तीस, तेवढेच राहतात. डबे पोचवणाऱ्या मुलाचे दिवसाला ३०० रुपये हा त्यातला एक. दुसरा म्हणजे घरच्या बाईची मेहनत. मंडईत जाण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत तिचे रोज पाच तास जातात. तासाला १०० रुपये धरले तर ५०० होतात. ही मजुरी नफ्यात मोजायची नाही, खर्चात मोजायची. उद्या ती आजारी पडली आणि दुसरी बाई बोलवावी लागली, तर ती पैसे घेणारच आहे.

असे रोजचे ८०० रुपये ३० डब्यांवर वाटले की २७ येतात, आणि डबा ७७ रुपयांना पडतो. दर ९० ठेवला तर डब्यामागे १३ रुपये सुटतात. त्यातूनच नवी भांडी घ्यायची, महागाईचा धक्का सोसायचा आणि बुडालेली उधारी भरून काढायची.

आता डबे २० वर आले तर काय होतं ते पाहू. ८०० रुपये वीस जणांवर वाटले की प्रत्येकी ४० येतात, आणि डबा बरोबर ९० ला पडतो. मजुरी सुटते, नफा शून्य. परीक्षा संपून विद्यार्थी गावी गेले किंवा दिवाळीची सुट्टी लागली की ही वेळ येते. म्हणून या घरासाठी वीस हा आकडा महत्त्वाचा आहे. त्याच्या खाली फार दिवस राहायचं झालं, तर पोचवण्याची व्यवस्था बदलावी लागते.

न सांगता घेतलेल्या सुट्ट्या याहून जास्त बोचतात. तीस डबे गेले तर दिवसाचा नफा ४०० रुपये. तिघांनी ऐन वेळी नको म्हटलं आणि त्यांचे पैसे वळते केले, तर स्वयंपाक झालेलाच असल्याने खर्च तेवढाच राहतो आणि नफा १३० वर येतो. आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तरच पैसे वळते होतील, असं पहिल्या दिवशीच सांगून ठेवणं यासाठी गरजेचं असतं.

अर्ध्या डब्याचंही असंच आहे. दोन पोळ्या आणि भाजी मागणाऱ्याला ४५ रुपये सांगावेसे वाटतात. पण त्यातला शिधा, मावशींची मजुरी, गॅस आणि बाकीचा किरकोळ खर्च मिळून साधारण २८ रुपये होतात आणि वरचे २७ तसेच राहतात, कारण मुलाला जिना तेवढाच चढावा लागतो. म्हणजे ५५ रुपयांना पडणारी वस्तू ४५ ला गेली. तिचा दर ६५ च्या आसपास हवा.

महागाई आली की दर लगेच वाढवायचा का? २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. डब्यात २० ग्रॅम टोमॅटो असेल, तर किलोमागे ९० रुपये वाढूनही डब्याला पावणेदोन रुपयांचाच फरक पडतो. तेवढे दिवस आमटीत आमसूल घालून भागतं. तेल, डाळ, गॅस आणि मजुरी एकदा वाढली की टोमॅटोसारखी लगेच खाली येत नाही, म्हणून दर त्यांच्यावरून बदलावा. सहा महिन्यांनी हिशेब पुन्हा मांडावा आणि वाढ करायची असेल तर गिऱ्हाइकांना महिनाभर आधी, कशामुळे किती वाढलं ते सांगून कळवावी. त्यासाठी पोळी लहान करू नये: चार पोळ्यांतली २० ग्रॅम कणीक वाचवून हाती ९० पैसे लागतात, आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्याच घासाला कळतं.