तमिळ नवऱ्याला शाबासकी

समजा, बायको पुण्याची, नवरा मदुराईचा. घरात हिंदी-इंग्रजीची खिचडी चालते. नवरा सीए फायनलचा अडलेला दुसरा ग्रुप तिसऱ्या खेपेला सुटतो. तिला वाटतं, आज याला याच्या भाषेत काहीतरी म्हणावं. ती मोबाईलवर वाक्य शोधते आणि म्हणते, ‘उन्नै निनैत्तु पेरुमैप्पडुगिरेन्.’ म्हणजे, तुझा अभिमान वाटतो. व्याकरणात खोट नाही, पण नवरा हसू दाबतो. बायको एकदम सत्कार समारंभातली पाहुणी झालेली असते!

कारण तमिळमध्ये लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत मोठं अंतर आहे. पुस्तकं, बातम्या, भाषणं एका भाषेत, स्वयंपाकघर दुसऱ्या. शोधून मिळणारी वाक्यं बहुधा पहिलीतली असतात. घरात तोच अभिमान ‘उन्न नेनच्चा रोंब पेरुमैया इरुक्कु’ असा बोलतात. ‘रोंब’ म्हणजे खूप. निकाल कळल्याक्षणी मात्र एवढंही नको. ‘कलक्किट्टे!’ म्हणजे आपलं ‘कमाल केलीस’ किंवा ‘गाजवलंस’. ‘वाऴ्त्तुक्कळ्’ म्हणजे शुभेच्छा किंवा अभिनंदन. तो शब्द चुकीचा नाही, पण ऑफिसातले लोकही तेच म्हणणार.

बायकोलाच म्हणता येईल असं वाक्य वेगळं असतं, कारण मागची दोन वर्षं तिनेच पाहिलेली असतात. ‘एव्वळो कष्टप्पट्टु पडिच्चे, एनक्कु तेरियुम’: किती कष्टाने अभ्यास केलास, मला माहीत आहे. माझ्या मते सगळ्या कौतुकात हे वाक्य भारी. त्यात हुशारीची स्तुती नाही, पाहिलेल्या मेहनतीची साक्ष आहे. त्यामुळे ते खोटं वाटायला जागाच उरत नाही. शिवाय ‘कष्ट’ मराठी जिभेवर आधीच बसलेला आहे.

एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. ‘कलक्किट्टे’, ‘पडिच्चे’ ही ‘तू’ची रूपं. अनेक तमिळ घरांत बायको नवऱ्याला ‘नींग’ म्हणते, म्हणजे ‘तुम्ही’. तिथे ‘कलक्किट्टींग’, ‘पडिच्चींग’ म्हणायचं. दोघांत ‘नी’ म्हणजे ‘तू’ चालत असलं, तरी सासूबाईंसमोर काय चालतं ते नवऱ्यालाच आधी विचारावं. नवऱ्याने बायकोचं कौतुक करायचं असेल तरी क्रियापद तेच राहतं. मराठीतल्या ‘झालास-झालीस’सारखा फरक तिथे नाही.

उच्चार थोडा चुकला तर बिघडत नाही. लांबलचक पाठ केलेलं भाषण मात्र लगेच ओळखू येतं. एक-दोन वाक्यं बोलावीत आणि पुढे रोजच्या भाषेत यावं. उत्तरादाखल नुसतं ‘थँक यू’ आलं, तर बोलणं शुभेच्छापत्रासारखं झालं असं समजा. तो तुमचा उच्चार सुधारत तमिळमध्येच पुढे बोलू लागला, तर कौतुक पोचलं.