चि. सूरज यास, आजीचे अनेक आशीर्वाद

आटपाडीकडच्या एखाद्या गावातली आजी पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या नातवाला पत्र धाडते, तेव्हा लिहिणारा हात बहुधा तिचा नसतो. ती चुलीपुढे बसून सांगते आणि सातवी-आठवीतली धाकटी नात लिहून घेते. कागदावर सगळ्यात वर ‘॥ श्री ॥’, उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव आणि तारीख. मग मायना : ‘चि. सूरज यास आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.’

लिहिणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. शाळेत पाठ झालेलं ‘सा. न. वि. वि.’ नात सवयीने लिहून टाकते, म्हणजे आजीच नातवाला साष्टांग नमस्कार घालून मोकळी होते! मायना नात्यानुसार बदलतो. वयाने लहान असलेल्याला ‘चिरंजीव’ आणि खाली आशीर्वाद. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ किंवा ‘तीर्थस्वरूप’ आणि नमस्कार. ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष, ते दोघांनाही चालतं. नातवाने उत्तर लिहिताना ‘तीर्थस्वरूप आजीस साष्टांग नमस्कार’ असं लिहायचं.

त्यापुढचं वाक्य ठरलेलं : ‘इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत, तुझी खुशाली कळवावी.’ ही रीत जुनी आहे. पेशवाईतल्या मोडी पत्रांतही ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ अशा अर्थाची वाक्यं आरंभालाच येतात आणि मग ‘विशेष’ म्हणून मूळ मजकूर सुरू होतो. आज आपल्याला ते पोकळ वाटतं, पण गावाकडून अवचित आलेलं पत्र हातात घेताना पोराच्या पोटात गोळा येतो. मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची चाल होती. कोपरा शाबूत आहे आणि दुसऱ्याच ओळीत ‘खुशाल’ आहे, एवढं पाहिलं की पुढचं निवांत वाचता येतं.

मजकुराची खरी गंमत सांगणं आणि लिहिणं यांच्या मधे आहे. आजी म्हणते, “त्येला लिव्ह, म्हस याली, रेडी झाली. आन् खर्वस तुझ्याबिगर गोड लागला न्हाई.” नात लिहिते, ‘आपली म्हैस व्याली. रेडी झाली. खर्वस केला तेव्हा सर्वांना तुझी आठवण झाली.’ शाळेतल्या मराठीत वाक्य शुद्ध होतं आणि आजी थोडी कमी होते. माझ्या मते चांगला लेखनिक तो, जो मायना शास्त्रशुद्ध लिहितो आणि पुढे आजीचा शब्द हलवत नाही.

आजीच्या बोलण्याला क्रमही असतो. आधी घरची तब्येत, मग गुरं, पाऊस, पेरणी, मग कुणाचं लग्न ठरलं ते. नातवाची चौकशी त्यानंतर, आणि तीही अभ्यासाची नाही, जेवणाची : मेसची भाकरी मिळते का नुसती चपातीच, पोट बिघडलं होतं ते बरं झालं का. मनातलं तर अगदी शेवटी येतं, ‘कळावे, तुझी आजी’ लिहून झाल्यावर. मग ‘ता. क.’ घालून ती सांगते, “तुझ्या बापाचं गुडघं लई दुखत्यात, पर त्यो सांगायचा न्हाई. दिवाळीला चार दिस आधी ये.” पत्राचं कारण हेच असतं, म्हणून ताजा कलमासाठी तळाला जागा सोडायला हवी.

कोणत्या कागदावर लिहायचं, हेही मजकूरच ठरवतो. 50 पैशांचं पोस्टकार्ड स्वस्त, पण ते उघडं. पोस्टमनपासून खोलीतल्या सोबत्यापर्यंत कुणीही वाचावं. गुडघ्याचं किंवा उसनवारीचं त्यावर लिहीत नाहीत. त्यासाठी निळं आंतरदेशीय पत्र, पण त्यात काही घालून पाठवायला टपाल खात्याची मनाई आहे. आजीला ग्रामदैवताच्या अंगाऱ्याची पुडी पाठवायची असेल, तर पाकीटच घ्यावं लागतं.

पत्ता मात्र आजीच्या सवयीने लिहून भागत नाही. तिच्याकडे मु. पो., ता., जि. एवढं पुरतं, कारण गावचा पोस्टमन माणसं ओळखतो. वसतिगृहात एकाच आडनावाचे पाच-सहा जण निघतात. तिथे मुलाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग खोली क्रमांक, वसतिगृहाचं नाव, रस्ता, शहर आणि सहा आकडी पिन कोड लागतो. खोली क्रमांक राहिला, तर पत्र रेक्टरच्या कार्यालयाबाहेरच्या फळीवर पडून राहतं आणि सुट्टी लागली की रद्दीत जातं. पाठवणाऱ्याचा पत्ताही लिहिलेला असावा, म्हणजे मुलगा खोली बदलून गेला असला तरी पत्र गावी परत येण्याची शक्यता राहते.