इमारतीचं काम सुरू, पार्किंग बंद, दिवसभर ठकठक... भाडं कमी मागता येतं का?

अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या आसपास भाड्याने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कुणी शिकायला आलेलं असतं, कुणी नोकरीला. त्यांच्यापैकी एखाद्याचीच ही गोष्ट आहे असं समजा.

दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट, भाडं महिना 9,000 रुपये. दिवाळीनंतर इमारतीभोवती बांबूची परांची बांधली गेली, वरून हिरवी जाळी सोडली गेली. जुनं प्लास्टर फोडायला सुरुवात झाली. खाली वाळू आणि सिमेंटची पोती आली, म्हणून गाडी रस्त्यावर गेली. "महिनाभराचं काम आहे" असं सांगितलं होतं, ते सहा महिने चाललं. भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला पूर्ण गेलं.

अशा वेळी भाडं कमी मागण्याचा हक्क आहे का? मागायचं तर किती आणि कसं?

आधी करार काढून बघा

महाराष्ट्रात बहुतेक घरं आज अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. या करारात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, 'परवानाधारक' असता. भाडेकरूला भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं संरक्षण मिळतं. भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. परवानाधारकाला हे संरक्षण नाही. त्याचं सगळं करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

म्हणून करारात मिळकतीचं वर्णन शोधा. तिथे फ्लॅट क्रमांकासोबत 'एक चारचाकी पार्किंग' असं लिहिलं असेल, तर तुम्ही भाडं पार्किंगचंही भरताय. फक्त फ्लॅट लिहिला असेल, तर मालक म्हणू शकतो की गाडी लावू देणं ही सवलत होती. गेलेल्या पार्किंगचे पैसे मागताना पहिला वाद इथेच होतो.

स्वतःच भाडं कापून पाठवलं तर?

सोशल मीडियावर एक सल्ला फिरतो: त्रास होतोय ना, मग पाव भाडं कापा, कायद्यात तशी सोय आहे. हा अर्धवट सल्ला आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 मध्ये 'पाव भाड्या'चा उल्लेख आहे, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी. मालक आवश्यक दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरू 15 दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ती वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. आवाज, धूळ किंवा गेलेलं पार्किंग यांचा या कलमाशी संबंध नाही.

मग कोर्ट अशा प्रकरणाकडे कसं बघतं? 1966 साली सुप्रीम कोर्टात कलकत्त्याच्या स्टीफन कोर्ट इमारतीतल्या फ्लॅटचं प्रकरण आलं होतं. फ्लॅटच्या तीन बेडरूमपैकी एकीचा ताबा भाडेकरूला मिळालाच नव्हता. अशा वेळी सगळंच भाडं थांबवता येतं का, हा प्रश्न होता. कोर्टाने सांगितलं की याला एकच ठोकळ नियम नाही. पण जो बराचसा फ्लॅट वापरतोय, त्याला फुकट राहू देणं योग्य नाही, त्याने मिळालेल्या भागाच्या प्रमाणात भाडं द्यावं.

यातून दोन गोष्टी कळतात. जागेचा एखादा भाग खरोखर हातातून गेला असेल, तर प्रमाणात कपात मागायला आधार आहे. नुसता आवाज आणि धूळ असेल, तर आधार कमकुवत आहे, कारण ताबा तुमच्याकडेच असतो. जर्मनीत मात्र नागरी संहितेच्या कलम 536 नुसार घर वापरण्यात लक्षणीय अडथळा आला की भाडं कायद्यानेच त्या प्रमाणात कमी होतं. आपल्याकडे ते मालकाकडून मान्य करून घ्यावं लागतं.

म्हणून न विचारता भाडं कापू नका. 'लिव्ह अँड लायसन्स'मध्ये ते कराराचा भंग ठरू शकतं, आणि शेवटी मालक ती रक्कम डिपॉझिटमधून वळती करून घेतो.

किती मागायचं? हिशोब असा मांडा

"खूप त्रास होतोय, काहीतरी कमी करा" या वाक्यावर मालक पाचशे रुपयेही सोडत नाही. नुकसान वेगवेगळं मोजा. आपल्या उदाहरणात ते असं होईल:

- पार्किंग: करारात लिहिलेलं होतं. जवळच गाडी लावायला महिना 800 रुपये द्यावे लागले. सहा महिन्यांचे 4,800 रुपये.
- बाल्कनी: फ्लॅट 650 चौरस फूट, त्यात बाल्कनी 50 चौरस फूट. परांचीमुळे तिचं दार सहा महिने बंद. म्हणजे साधारण 7.7 टक्के जागा गेली, महिना सुमारे 690 रुपये. सहा महिन्यांचे 4,140 रुपये.
- आवाज: प्लास्टर फोडण्याचं काम दोनच महिने होतं. तेवढ्यापुरते 10 टक्के, म्हणजे 1,800 रुपये.

एकूण 10,740 रुपये. सहा महिन्यांच्या 54,000 भाड्याच्या जवळपास 20 टक्के. पहिले दोन आकडे पावती आणि टेपने सिद्ध होतात. तिसरा अंदाजाचा आहे, घासाघीस त्यावर होईल हे धरून चला. रंगकामाच्या महिन्यांतही 'आवाज' लावला, तर सगळ्याच हिशोबावरचा विश्वास उडतो.

काम सोसायटीने काढलं असेल, तर मालक म्हणेल, "माझा काय दोष?" त्याला दोष देऊच नका. ठरलेली वस्तू मिळाली नाही, एवढाच मुद्दा ठेवा.

मागणी लेखी करा

काम सुरू झाल्या दिवसापासून तारखेसह फोटो काढून ठेवा आणि पहिल्याच महिन्यात कळवा. सहा महिने गप्प राहून शेवटी मागितलं, तर "तेव्हा का नाही बोललात?" हा प्रश्न येतोच. मेसेज साधा असू द्या:

"नमस्कार काका. 10 नोव्हेंबरपासून इमारतीचं काम सुरू आहे. करारातलं पार्किंग आणि बाल्कनी वापरता येत नाही. फोटो आणि हिशोब सोबत पाठवतोय. काम संपेपर्यंत भाडं दरमहा 7,500 धरावं ही विनंती. तोपर्यंत पूर्ण भाडं वेळेवर देतो आहे."

मालकाने फोनवर "बरं, द्या कमी" म्हटलं, तरी तिथे थांबू नका. नोंदणीकृत करारातला बदल केवळ तोंडी ठरला असेल, तर तो नंतर कोर्टात सिद्ध करता येत नाही. सहीचा कागद घ्या: किती भाडं, कोणत्या महिन्यापासून, केव्हापर्यंत. शिवाय दर महिन्याच्या पावतीवर "या महिन्याचं भाडं पूर्ण मिळालं, बाकी नाही" एवढं लिहून घ्या. डिपॉझिट परत घेताना हाच कागद उपयोगी पडतो.

मालक नाहीच म्हणाला तर?

रोख कपात जमत नसेल, तर दुसरं काही मागा: पुढच्या करारात भाडेवाढ नको, किंवा मुदतीआधी घर सोडलं तरी डिपॉझिट पूर्ण परत. बऱ्याच मालकांना हे सोपं वाटतं.

काम रात्री चालत असेल, तर तो भाड्याचा प्रश्न नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवता येत नाहीत. त्याची तक्रार पोलिसांकडे करा. पाणी, वीज किंवा जिन्यातला दिवा मालकाने कारण नसताना तोडला, तर भाडेकरूला कलम 29 खाली कोर्टात जाता येतं. त्या यादीत पार्किंग नाही.

आणि दहा हजारांसाठी थेट दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून बघा. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड झाली, तर वकिलाच्या फीपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.