एकाच उत्तराला एकच माप

दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात समजा असा प्रश्न आहे : बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू भिंगापासून 30 सेमीवर, तर प्रतिमा किती अंतरावर मिळेल? गुण 3, उत्तर 15 सेमी. एका मुलाने 1/v − 1/u = 1/f हे सूत्र बरोबर लिहिले, पण u साठी −30 ऐवजी +30 घेतले. पुढची आकडेमोड बिनचूक करून त्याने 7.5 सेमी हे उत्तर काढले.

ही उत्तरपत्रिका तीन शाळांतल्या तीन परीक्षकांकडे गेली, तर एक जण 2 गुण देईल, दुसरा 1, आणि उत्तरच चुकले म्हणून तिसरा शून्यही देईल. आदर्श उत्तरपत्रिकेत फक्त ‘सूत्र 1, किमती 1, उत्तर 1’ एवढेच लिहिले असेल, तर तिघेही आपापल्या परीने नियमातच आहेत.

म्हणून तपासणीला बसण्याआधी प्रत्यक्ष उत्तरांच्या काही प्रती निवडाव्यात. त्यात उत्तम आणि कोरी उत्तरे कमी, अशी अर्धवट बरोबर उत्तरे जास्त असावीत. प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि मगच आकडे फळ्यावर मांडावेत. तिघांची सरासरी काढून मोकळे होणे हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण पुढच्या गठ्ठ्यात तोच वाद पुन्हा उभा राहतो. कारण शोधावे लागते. इथे चूक चिन्हाची आहे आणि ती एकदाच झाली आहे. तिचा गुण एकदाच कापावा, मला हेच न्याय्य वाटते. म्हणजे 2 गुण. हा निर्णय उदाहरणासह लिहून सर्वांना द्यावा.

यानंतर प्रत्येक परीक्षकाचे गुण ठरलेल्या गुणांशी ताडून पाहतात. तीन उत्तरांचे ठरलेले गुण 2, 1, 3 आहेत असे धरू. एका परीक्षकाने 1.5, 0.5, 2.5 दिले. ते कडक आहेत, पण सगळीकडे सारखेच. सांगितले की सुधारतात. दुसऱ्यांनी 3, 0, 3 दिले. त्यांची बेरीज ठरलेल्या गुणांइतकीच, 6 आहे, त्यामुळे नुसती सरासरी पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसणार नाही. प्रत्यक्षात पहिल्या मुलाला एक गुण फुकट मिळाला आणि दुसऱ्याचा हक्काचा गुण गेला. हा दोष एका सूचनेने जात नाही. त्यांचा गठ्ठा पुन्हा तपासावा लागतो.

एकदा जुळलेले माप दिवसभर टिकतेच असे नाही. थकव्याने हात सैल होतो किंवा आखडतो. म्हणून गठ्ठ्यात मधूनमधून आधी गुण ठरलेल्या प्रती, खूण न करता, मिसळतात. निबंधासारख्या उत्तरांत मात्र इतके करूनही थोडा फरक राहतोच.

आपल्या मंडळात परीक्षकांनंतर नियामक आणि मुख्य नियामक उत्तरपत्रिका पाहतात. त्यांना माझी विनंती आहे, की आधीचे गुण झाकून तपासा. समोर 2 दिसत असताना स्वतंत्रपणे 1 देणे फार कठीण असते.