पंख्याची चावी

१ जूनला मासेमारी बंद झाली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौकांच्या डागडुजीचे दिवस सुरू होतात. ३१ जुलैपर्यंत रंगकाम, तळ घासणं, इंजिन उघडणं हे सगळं उरकून घ्यायचं असतं. त्यात कधीतरी पंखा उतरवला जातो आणि शाफ्टच्या खाचेतून बोटाएवढ्या लांबीची एक पोलादी पट्टी निघते. हीच चावी. तिची निम्म्याहून जास्त उंची शाफ्टच्या खाचेत बसते आणि उरलेली पंख्याच्या बॉसमध्ये. शाफ्ट फिरताना पंखा मागे रेटतो, तेव्हा दोघांच्या सीमेवर चावी आडवी कातरली जाऊ पाहते. याला शिअर म्हणतात.

नवी चावी बसवताना बहुतेक जण जुनीच्या मापाची घडवून घेतात. जुनी टिकली होती म्हणून नवीही टिकेल, हा तर्क मला पटत नाही. इंजिन बदललं असेल किंवा गिअरबॉक्सचं प्रमाण बदललं असेल, तर चावीवरचा भार तोच राहत नाही. आणि हिशोब तर कागदाच्या तुकड्यावर मावणारा आहे.

समजा, इंजिन १२० अश्वशक्तीचं आहे, म्हणजे सुमारे ८८ किलोवॉट. ते मिनिटाला १,८०० फेरे घेतं आणि गिअरबॉक्स तीनास एक आहे, म्हणजे पंखा ६०० फेरे घेईल. शक्तीला कोनीय वेगाने भागलं की पीळ मिळतो. इंजिनापाशी तो सुमारे ४६८ न्यूटन-मीटर येतो. गिअरबॉक्समधली घट सोडून दिली तर पंख्यापाशी तो तिप्पट, म्हणजे १,४०४. इंजिनापाशी मोजलेला पीळ चावीला लावणं ही इथली नेहमीची चूक. उत्तर थेट तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि चावी उगाच भक्कम वाटते.

पंखा निमुळत्या टोकावर बसतो, म्हणून व्यास चावीच्या मध्यावरचा धरायचा. तो ६० मिलिमीटर धरू. पिळाला ३० मिलिमीटर त्रिज्येने भागलं की चावीवरचं बल निघतं ४६,८०० न्यूटन, जवळजवळ पावणेपाच टन. या व्यासाला प्रमाणित चावी १८ मिलिमीटर रुंद आणि ११ उंच असते. लांबी १०० घेतली तर कातरलं जाणारं क्षेत्र रुंदी गुणिले लांबी, म्हणजे १,८०० चौरस मिलिमीटर. बलाला क्षेत्राने भागलं की शिअर ताण २६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

साधं माइल्ड स्टील ताणात २५० ला नमतं, शिअरमध्ये त्याच्या सुमारे ५८ टक्क्यांना, म्हणजे १४४ च्या आसपास. सुरक्षेसाठी तीनाने भागलं तरी ४८ उरतात. २६ त्यात आरामात बसतात आणि बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात.

पण चावी कातरण्याआधी चेपू शकते. पाठ्यपुस्तकातल्या सोप्या सूत्रात अर्धी उंची शाफ्टमध्ये आणि अर्धी हबमध्ये धरतात. प्रमाणित खाच तशी नसते. शाफ्टमध्ये ७ मिलिमीटर जातात आणि पंख्याच्या वाट्याला फक्त ४ उरतात. चावीची टोकं गोल असतील तर दाब झेलणारी सरळ लांबीही १०० नसून ८२ च असते. आता ४६,८०० ला ४ गुणिले ८२ ने भागा. उत्तर येतं १४३. नमण्याच्या मर्यादेला दोनाने भागून १२५ ची हद्द ठेवली, तर शिअरमध्ये उत्तीर्ण झालेली चावी इथे नापास होते.

निमुळता भाग घट्ट बसला असेल तर बराचसा पीळ घर्षणच वाहून नेतं आणि चावीला विश्रांती मिळते. नट सैल झाला किंवा चावीची पाठ खाचेच्या छताला टेकून पंखा पूर्ण आत गेलाच नाही, तर सगळा भार तिच्यावर. म्हणून पंखा आधी चावीविना निळा रंग लावून बसवून पाहतात आणि नंतर चावीच्या वर फट राहते आहे ना, हे तपासतात. पंख्यात जाळं किंवा दोर अडकला तर फ्लायव्हीलचा जोर मिळून पीळ क्षणभर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. दुप्पट धरला तरी शिअर बावन्नवर जातो आणि चेप २८५ वर, म्हणजे नमण्याच्या मर्यादेपलीकडे.

काय घडलं हे निघालेली चावी सांगते. सीमारेषेवर स्वच्छ तुकडे झाले असतील तर ती एका झटक्यात कातरली गेली. बाजू पायरीसारखी दबली असेल, खाचेच्या कडा लोळल्या असतील, तर ती हळूहळू चेपत आली आहे. अशा नौकेवर पुढून मागे गिअर टाकताना ठोका ऐकू येतो.

यावर कडक पोलादाची चावी टाकण्याचा मोह होतो. मग चेपते ती पंख्याची खाच, आणि पितळी पंखा चावीपेक्षा कितीतरी महाग. त्यापेक्षा बॉसमध्ये जागा असेल तर चावी १२५ मिलिमीटरची घ्यावी. सरळ लांबी १०७ होते आणि चेप १०९ वर उतरतो. जाळं अडकून पीळ दुप्पट झाला तरी तो २१९ पर्यंतच जातो आणि शिअर ४२ च्या आसपास राहतो. बॉस तेवढा लांब नसेल तर अर्ध्या फेऱ्यावर दुसरी चावी बसवता येते, पण दोन्ही खाचा अचूक समोरासमोर कापल्या नाहीत तर सगळा भार एकीवरच येतो.