दीड सेकंदाची बातमी, सव्वाचार मिनिटांचं पान

रात्री दहाच्या सुमारास मावशीचा फोन येतो, "अरे, नेट गेलं बघ." नेट गेलेलं नसतं. दिवसाचा दीड जीबी डेटा संपलेला असतो आणि प्लॅनच्या बारीक अक्षरातल्या अटीप्रमाणे वेग ६४ केबीपीएसवर उतरलेला असतो. राजापूर तालुक्यातल्या तिच्या घरात दिवसाही रेंजची एकच काडी असते, म्हणजे दुपारचा वेग रात्रीपेक्षा फार चांगला असतो असंही नाही. व्हॉट्सअॅपवर मजकूर येत-जात राहतो. बातमीचं पान उघडलं की मात्र पांढरा पडदा.

थोडा हिशेब करू. केबीपीएसमधला 'बी' हा बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, रोमन अक्षर एकच. तरीही सहाशे शब्दांच्या मराठी बातमीचं वजन साधारण १२ किलोबाइट भरतं. म्हणजे या रडतखडत चालणाऱ्या लाइनवरही बातमी दीड सेकंदात यायला हवी. पण पान एकटी बातमी आणत नाही. हल्ली मोबाइलवरचं मध्यम वजनाचं पान सहज २ एमबीचं असतं, आणि २ एमबीला याच वेगाने २५६ सेकंद लागतात. सव्वाचार मिनिटं.

या वजनात फोटो असतात, फॉन्ट असतात, साइटच्या स्वतःच्या स्क्रिप्ट असतात आणि जाहिरातींचा सगळा सरंजाम असतो. मंद लाइनवर या सरंजामाचं ओझं वजनापेक्षा जास्त जाणवतं, ते त्याच्या हेलपाट्यांमुळे. फोन ज्या नव्या सर्व्हरकडे जातो, त्याच्यासाठी आधी नावावरून पत्ता विचारायचा ही एक फेरी. मग जोडणी उघडायची ही दुसरी, कुलूपबंद संवाद ठरवायचा ही तिसरी, आणि मग वस्तू मागायची ही चौथी. रेंज वाईट असली की एका फेरीला ३०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे पहिला बाइट हाती पडायच्या आधीच सव्वा सेकंद गेला.

जाहिरातीत हे एकदा होऊन थांबत नाही. पान आधी एक स्क्रिप्ट मागवतं. ती आली की तुमच्यासमोरच्या चौकटीचा लिलाव सुरू होतो, त्यात बोली लावायला पाच-दहा कंपन्या येतात आणि प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा. जिंकणारी जाहिरात आपल्याबरोबर 'ती कोणी पाहिली' हे मोजणारे दोन-तीन कारकून घेऊन येते. यातली बरीच नावं मूळ पानात लिहिलेलीच नसतात. पहिला येऊन दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचं. त्यामुळे फोनला सगळी बोलावणी एकदम पाठवता येत नाहीत. आणि या वरातीला जायला ६४ ची तीच एक पायवाट, जिच्यावरून बातमीही यायची असते.

म्हणून छाटायचं तर मुळाशी, पहिल्या फेरीतच. नावावरून पत्ता सांगणारी जी व्यवस्था, ती डीएनएस. सहसा हे काम मोबाइल कंपनीचा डीएनएस सर्व्हर करतो आणि विचाराल त्याचा पत्ता निमूट देतो. गाळणी लावलेला डीएनएस आपल्याजवळ जाहिरात आणि पाळतीच्या सर्व्हरांची यादी ठेवतो. यादीतल्या नावाचा पत्ता विचारला की तो बहुधा `0.0.0.0` असं उत्तर देतो, म्हणजे कुठेच न पोहोचवणारा पत्ता. ब्राउझर तिथेच नाद सोडतो. जी स्क्रिप्ट आलीच नाही ती पुढच्या दहांना बोलावणार कशी? एका नकाराने अख्खी साखळी तुटते, आणि त्या प्रश्नोत्तराला लागतात फार तर काही शे बाइट.

अँड्रॉइडवर यासाठी अॅप घ्यावं लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' हे सेटिंग फोनमध्येच आहे, नेटवर्कच्या विभागात. मराठीत सेटिंग असेल तर 'खाजगी डीएनएस' शोधा, किंवा वरच्या शोधचौकटीत नाव टाका. तिथे पुरवठादाराचं होस्टनेम लिहायचा पर्याय निवडून यांपैकी एक ओळ भरायची:

```
dns.adguard-dns.com
adblock.dns.mullvad.net
```

पहिली अॅडगार्डची, दुसरी मुलवाडची. दोन्ही फुकट आहेत आणि खातं उघडावं लागत नाही. `https://` लावायचं नाही, शेवटी रिकामी जागा ठेवायची नाही. पुष्कळांना माहीत असलेला क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.1` किंवा क्वाड९ चा `9.9.9.9` इथे उपयोगाचा नाही. पहिला काहीच गाळत नाही आणि दुसरा फक्त घातक साइट अडवतो. जाहिरातींना दोघांकडेही मुक्तद्वार.

गाळणी लागली की नाही हे बघायला जाहिरातींनी गजबजलेलं एखादं पान उघडावं. चौकटी रिकाम्या दिसल्या तर काम झालं. लॅपटॉपवर खात्री करायची तर ही आज्ञा द्यावी:

```
nslookup google-analytics.com 94.140.14.14
```

हा अंकी पत्ता अॅडगार्डचा. उत्तरात `0.0.0.0` आलं तर ठीक. खराखुरा पत्ता आला तर वाटेत कोणीतरी तुमचा प्रश्न पळवून आपलंच उत्तर देतंय. काही नेट-पुरवठादार साध्या डीएनएसचे प्रश्न असे वळवतात. फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस कुलूपबंद असल्यामुळे त्याचा प्रश्न असा वळवता येत नाही.

आता अडचणी. सगळ्यात जास्त घाबरवणारी म्हणजे नेट साफ बंद पडणं. होस्टनेम लिहून दिलं की फोन हट्टाला पेटतो: तोच सर्व्हर, नाहीतर कोणीच नाही. एखाद्या हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर ८५३ क्रमांकाचं पोर्ट बंद असेल तर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते आणि पान एकही उघडत नाही. अशा वेळी तेच सेटिंग तात्पुरतं 'ऑटोमॅटिक'वर न्यायचं. मावशीच्या फोनवर हे मी सेटिंग करतानाच कागदावर लिहून ठेवलं, कारण नेट बंद असताना उपाय व्हॉट्सअॅपवर पाठवता येत नाही.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. सगळं बरोबर भरलंय, तरी जाहिराती येतातच. बहुधा ब्राउझरने स्वतःचा डीएनएस वेगळा लावलेला असतो. क्रोमच्या 'सिक्युअर डीएनएस'मध्ये दुसराच पुरवठादार निवडलेला असेल तर फोनच्या गाळणीला वळसा घालून प्रश्न जातो. तिसरी म्हणजे काही दुवे उघडत नाहीत, विशेषतः एसएमएस आणि ईमेलमधले, कारण ते मोजणी करणाऱ्या सर्व्हरवरून वळण घेऊन खऱ्या पानाकडे जातात आणि तो सर्व्हर यादीत असतो. आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही कोणकोणत्या साइटवर जाता हे आता मोबाइल कंपनीच्या डीएनएसऐवजी या नव्या सर्व्हरला कळतं. विश्वास संपत नाही, त्याची जागा बदलते.

डीएनएसची नजर नावापुरतीच असते. पत्त्याच्या आत कोणती वस्तू मागवली ते त्याला दिसत नाही. म्हणून यूट्यूब किंवा फेसबुकच्या जाहिराती त्याला अडवता येत नाहीत, त्या व्हिडिओ आणि पोस्टबरोबर त्याच घरातून येतात. बातमीचा तीन-चारशे किलोबाइटचा फोटो हासुद्धा त्याच्या दृष्टीने सज्जन माणूस. एखाद्या साइटपुरती सूट देणंही फोनच्या सेटिंगमधून होत नाही. ज्या साइटवर हा लेख वाचला जाईल तीही जाहिरातींवर चालते, तेव्हा ही सूट देता यावी असं मला वाटतं. त्यासाठी ब्राउझर लागतो.

अँड्रॉइडच्या नेहमीच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. त्यात रेमंड हिल यांचं 'यूब्लॉक ओरिजिन' घालावं, शक्यतो चांगल्या वाय-फायवर असताना, कारण त्याच्या याद्याच काही एमबीच्या आहेत. याद्या आपलं काम करतातच, पण मंद लाइनवर त्यातल्या दोन वेगळ्याच सोयी सोन्यासारख्या आहेत. ५० किलोबाइटपेक्षा मोठी चित्रं आणि व्हिडिओ रोखायची ही पहिली. आकड्यात बदल करता येतो, आणि हवा असलेला फोटो त्याच्या जागेवर बोट टेकवून मागवता येतो. दुसरी सोय म्हणजे साइटचे फॉन्ट न उतरवण्याची. देवनागरीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांची चित्रं भरलेली असल्यामुळे तो रोमनपेक्षा जड असतो, आणि फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो. मात्र युनिकोडपूर्वीच्या काळातल्या काही मराठी साइट अजून आपापल्या खास फॉन्टवर जगतात. तो अडवला की बातमीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तेवढ्या साइटला सूट द्यायची. चिन्हांऐवजी चौकोन दिसले तर तेही याच सोयीचं काम.

समजा, आपल्या २ एमबीच्या पानात ९०० किलोबाइट तिऱ्हाइतांचे आहेत, ७०० मोठ्या फोटोंचे आणि १५० फॉन्टचे. नुसत्या डीएनएसने तिऱ्हाईत गेले तर उरतात साधारण ११५० किलोबाइट, म्हणजे २ मिनिटं २४ सेकंद. फोटो आणि फॉन्टही थांबवले तर उरतात ३००, म्हणजे ३७ सेकंद. तुमच्या आवडत्या पानाचे खरे आकडे लॅपटॉपवरच्या फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबून 'नेटवर्क' या टॅबमध्ये बघता येतात. तिथे कॅशे बंद ठेवून पान पुन्हा उघडलं की खालच्या पट्टीत किती मागण्या गेल्या आणि किती डेटा आला ते दिसतं. गाळणीशिवाय एकदा आणि गाळणीसह एकदा, असं दोनदा मोजावं. काही पानं फारशी हलकी होत नाहीत, कारण त्यांचं वजन त्यांच्याच स्क्रिप्टचं असतं. तिथे यूब्लॉकमध्ये त्या साइटची जावास्क्रिप्ट बंद करून बघता येते. बातमी दिसली तर दिसली, नाहीतर कोरं पान.

मावशीच्या फोनवर मी सध्या फक्त डीएनएस बदललाय. रात्री दहानंतर पान अजून रेंगाळतं, पण मथळा दिसतो आणि हळूहळू मजकूर उतरतो. "या पांढऱ्या चौकटी कसल्या रे?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं. डीएनएस मागणी थांबवतो, पानातली रिकामी जागा मिटवणं त्याच्या हातात नाही. तिच्या भागातल्या एका साप्ताहिकाच्या साइटवर मात्र काजूच्या कलमांची जाहिरात अजून जशीच्या तशी येते. ती त्या साइटच्याच सर्व्हरवर ठेवलेलं एक साधं चित्र आहे, ना लिलाव ना मोजणारे कारकून. नर्सरीचा नंबर तिने त्यावरूनच उतरवून घेतला.